पोटातली धग : प्रस्तावना

उत्तरेकडच्या गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून दक्षिणेकडच्या राजापूरपर्यंत कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यांची एक लांबलचक रांग आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवऱ्याच्या झऱ्याचे पाणी सुमारे 70 अंश सेल्सिअसचे असते. त्यात हात घालवत नाही. हे पाणी कशाने तापते असे विचारले, की बहुधा एकच उत्तर मिळते. सह्याद्री लाव्ह्याचा बनलेला आहे आणि त्या लाव्ह्याची धग अजून खाली शिल्लक आहे, असे ते उत्तर. ऐकायला ते पटते, पण ते बरोबर नाही. ते का बरोबर नाही हे नीट पाहिले, तर या पुस्तकाच्या विषयाचे एक टोक हाती लागते.

खडकातून उष्णता फार सावकाश सरकते, आणि तिच्या सरकण्याचा एक साधा नियम आहे. अंतर दहापट झाले की लागणारा वेळ शंभरपट होतो. एक मीटर जाडीच्या खडकातून तापमानातला बदल पलीकडे पोचायला साधारण बारा दिवस लागतात. दहा मीटरला तीन वर्षे लागतात. म्हणूनच उन्हाळा-हिवाळ्यातला फरक जमिनीखाली दहा-पंधरा मीटरवर जवळपास मावळलेला असतो. एक किलोमीटरला सुमारे 32 हजार वर्षे लागतात. सह्याद्रीतील लाव्ह्याच्या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटर धरली, तर ती रास निवायला काही लाख वर्षे पुरेत. दख्खनचा लाव्हा बाहेर पडला तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. म्हणजे तो थंड होऊन गेल्यावरही शेकडो वेळा थंड होता येईल इतका काळ लोटला आहे.

यावर कोणी म्हणेल, की लाव्हा निवला असेल, पण तो जिथून आला तिथे, तीस-चाळीस किलोमीटर खाली, काही शिल्लक असेलच. ही शंका रास्त आहे, कारण एवढ्या खोलीसाठी निवण्याचा काळ कोटींच्या घरात जातो. अशा ठिकाणी हिशेब पुरेसा ठरत नाही, मोजावे लागते. ते मोजमाप महाराष्ट्रात झालेले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला 617 मीटर खोल छिद्र घेतले. वरचे 338 मीटर बेसॉल्ट लागले आणि त्याखाली दख्खनच्या लाव्ह्याहून कितीतरी जुना असा पायाचा खडक लागला.

अशा छिद्रात उष्णता कशी मोजतात ते सांगायला हवे, कारण पुढचे सारे यावर उभे आहे. खोदाईच्या घर्षणाने आणि आत सोडलेल्या पाण्याने खडकाचे तापमान बिघडलेले असते. म्हणून छिद्र काही आठवडे, शक्य असेल तर काही महिने, स्वस्थ ठेवतात. मग केबलच्या टोकाला संवेदक बांधून तो हळूहळू खाली सोडतात आणि उतरतानाच नोंदी घेतात, कारण वर ओढताना पाणी ढवळले जाते. खडकाचे तुकडे प्रयोगशाळेत नेऊन ते उष्णता किती सहज वाहू देतात हे वेगळे मोजतात. खोलीप्रमाणे तापमान वाढण्याचा दर आणि खडकाची वाहकता यांचा गुणाकार म्हणजे वर येणारा उष्णताप्रवाह. किल्लारीत तो दर चौरस मीटरला 43 मिलिवॉट निघाला.

यात गुणाकार का महत्त्वाचा, ते किल्लारीच्याच उदाहरणावरून दिसते. बेसॉल्ट उष्णता नीट वाहू देत नाही, पायाचा ग्रॅनाइटसारखा खडक त्याच्या दीडपटीहून अधिक वाहू देतो. म्हणून तोच प्रवाह बेसॉल्टमधून जाताना तापमान दर किलोमीटरला 25 अंशांच्या आसपास वाढवेल, तर खालच्या खडकात 15 अंशांच्या आसपास. नुसते तापमान पाहणाऱ्याला वाटेल की वर धग जास्त आणि खाली कमी. खरे तर धग दोन्हीकडे एकच असते, वाट तेवढी अरुंद-रुंद होते. दुसरी फसगत पाण्यामुळे होते. एखाद्या भेगेतून पाणी छिद्रात शिरून वर चढत असेल, तर त्या पट्ट्यात तापमान वाढतच नाही आणि भेग ओलांडताच एकदम उडी मारते. आलेखात अशी सपाट पायरी दिसली, की तो भाग जाणकार बाजूला ठेवतात.

43 मिलिवॉट हा आकडा जुन्या, शांत खंडप्रदेशांत जगभर सापडतो तसाच आहे. खाली दडलेल्या धगीची काही खूण त्यात नाही. मग उन्हवऱ्याचे पाणी तापते ते साध्या कारणाने. पावसाचे पाणी भेगांतून दीड-दोन किलोमीटर किंवा त्याहूनही खोल उतरते, तिथल्या मूळच्या गरम खडकाने तापते आणि दुसऱ्या भेगेने लवकर वर येते. अशा भेगा जिथे नाहीत तिथेही खडक तितकाच गरम आहे, फक्त तो गरम आहे हे सांगायला कोणी वर येत नाही. ज्वालामुखीचा काही संबंध नसलेली, सगळीकडे सापडणारी ही खालची उष्णता आली कुठून आणि ती इतकी वर्षे टिकली कशी, हा या पुस्तकाचा विषय आहे.

या प्रश्नाला आकड्यांनी भिडणारा पहिला मोठा प्रयत्न 1862 सालचा आहे. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी त्या वर्षी एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे पृथ्वीच्या निवण्यावरचा निबंध वाचला. खाणींमधून एवढे माहीत होते, की खाली जाताना दर पन्नास फुटांना तापमान सुमारे एक अंश फॅरनहाइटने वाढते. आपल्या मापात हे दर किलोमीटरला साधारण 36 अंश सेल्सिअस होते. खाली अधिक गरम असेल तर उष्णता वर वाहत असणार. वाहत असेल तर साठा कमी होत असणार. आणि साठा कमी होत असेल, तर निवायला सुरुवात कधी झाली हे मागे मोजत जाऊन काढता यावे. केल्व्हिन यांचा विचार एवढा सरळ होता.

त्यांनी तीन गोष्टी गृहीत धरल्या. सुरुवातीला सगळी पृथ्वी वितळत्या खडकाच्या एकाच तापमानाची होती. ते त्यांनी 7,000 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 3,900 अंश सेल्सिअस धरले. नंतर ती घट्ट होऊन केवळ वहनाने, म्हणजे उष्णता कणाकणातून पुढे सरकून, निवत गेली. आणि आत नवी उष्णता कुठेही तयार होत नव्हती. अशा गोळ्याचा पृष्ठभाग थंड राहिला, तर पृष्ठभागाजवळचा तापमानवाढीचा दर काळाबरोबर ठरावीक रीतीने मंदावतो. त्यावरून वय काढायचे सूत्र असे:

t = T² / (π κ G²)

T हे सुरुवातीचे तापमान, G हा आज मोजलेला वाढीचा दर आणि κ ही खडकातून तापमान पसरण्याची गती. T साठी 3,900 अंश, G साठी मीटरला 0.0365 अंश आणि κ साठी सेकंदाला 0.0000012 चौरस मीटर घातले, की उत्तर सुमारे 3 × 10¹⁵ सेकंद येते. ही साडेनऊ-दहा कोटी वर्षे झाली. केल्व्हिन यांनी 9 कोटी 80 लाख वर्षे असा आकडा दिला आणि मोजमापांतली अनिश्चितता धरून 2 कोटी ते 40 कोटी अशी मर्यादा सांगितली. पुढे त्यांनी ती 2 ते 4 कोटींपर्यंत खाली आणली. खडकांचे थर वाचणाऱ्यांना यापेक्षा पुष्कळ अधिक काळ हवा होता, पण त्यांच्याकडे केल्व्हिन यांच्या गणिताला उत्तर नव्हते. आज पृथ्वीचे वय 454 कोटी वर्षे मानले जाते. म्हणजे उत्तर जवळजवळ पन्नासपट चुकले होते, आणि गणितात एकही चूक नव्हती.

चूक कुठे होती याची एक गोष्ट शाळेपासून ऐकायला मिळते. 1896 साली बेकेरेल यांना किरणोत्सार सापडला. 1903 साली पिएर क्यूरी आणि आल्बेर लाबोर्द यांनी दाखवले, की रेडियम सतत उष्णता देत राहते. एक ग्रॅम रेडियम तासाला सुमारे शंभर कॅलरी देते. 1904 साली रदरफर्ड यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, श्रोत्यांत खुद्द केल्व्हिन बसलेले असताना, सांगितले की पृथ्वीच्या पोटात उष्णतेचा नवा झरा असल्यामुळे तिचे वय कितीतरी वाढवता येईल. गोष्ट खरी आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष अर्धवट आहे. तो तपासायला आधी किरणोत्साराची उष्णता म्हणजे नेमके काय ते पाहू.

युरेनियम-238 चा अणू फुटत फुटत शेवटी शिसे होतो. या वाटेवर तो आठ अल्फा कण आणि सहा बीटा कण बाहेर टाकतो. अल्फा कण जोरात सुटतो, पण खडकात मिलिमीटरच्या काही शतांश भागातच आजूबाजूच्या अणूंना धडकून थांबतो. त्याची गती त्या अणूंच्या थरथरीत मुरते, आणि अणूंची थरथर म्हणजेच उष्णता. आजच्या पृथ्वीत असे चारच अणू मोजण्याजोगे आहेत: युरेनियमचे दोन समस्थानिक, थोरियम-232 आणि पोटॅशियम-40. बाकीचे एक तर फार दुर्मीळ आहेत किंवा केव्हाच संपले आहेत. थोरियमचे अर्धायुष्य 1,400 कोटी वर्षांचे असल्याने त्याचा बराचसा साठा शिल्लक आहे. युरेनियम-235 चे अर्धायुष्य मात्र 70 कोटी वर्षांचे, म्हणून ते जवळपास संपत आले आहे. पोटॅशियम-40 चा एक पुरावा आपण रोज श्वासातून घेतो. हवेत जवळपास एक टक्का आरगॉन आहे, आणि तो जवळजवळ सगळा पोटॅशियमच्या क्षयातून खडकांत तयार होऊन वर आलेला आहे.

ही उष्णता किती? साधारण ग्रॅनाइटमध्ये दहा लाख भागांत चार भाग युरेनियम, सोळा भाग थोरियम आणि वजनाच्या साडेतीन टक्के पोटॅशियम असते. तिघांची बेरीज केली, तर एका घनमीटरला सेकंदाला अडीच मायक्रोज्यूल येते. एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच अशा ग्रॅनाइटच्या डोंगराची शक्ती यामुळे जेमतेम अडीच किलोवॉट ठरते. इतक्या कमी शक्तीने काय होणार, असे वाटेल. पण यातली थोडीही उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर हा ग्रॅनाइट स्वतःच्याच जोरावर सुमारे 35 हजार वर्षांत एक अंशाने तापेल, आणि तीन-चार कोटी वर्षांत वितळायला लागेल. उष्णता मंद आहे, पण काळाला कमतरता नाही.

याच आकड्यातून एक अडचणही निघते. खंडांचे कवच 35-40 किलोमीटर जाड आहे. ते तळापर्यंत अशाच ग्रॅनाइटचे असते, तर त्याचीच उष्णता दर चौरस मीटरला 90 मिलिवॉटच्या आसपास भरली असती. खंडांवर सरासरी प्रवाह 65 ते 70 मिलिवॉट आहे, आणि किल्लारीत तर फक्त 43. म्हणजे हे पदार्थ कवचाच्या वरच्या भागातच दाटलेले असले पाहिजेत, आणि खाली ते झपाट्याने विरळ होत गेले पाहिजेत. 1906 साली रॉबर्ट स्ट्रट यांनी निरनिराळ्या खडकांतील रेडियम मोजून हाच निष्कर्ष काढला. युरेनियम जड, म्हणून ते पृथ्वीच्या गाभ्यात बुडाले असेल, ही समजूत यामुळे खोटी ठरते. बुडणे-तरंगणे अणूच्या वजनावर ठरत नाही. तो कोणत्या खनिजात बसतो यावर ठरते. युरेनियम आणि थोरियम हे ऑक्सिजनशी बांधलेले, खडकात राहणारे अणू आहेत, लोखंडाबरोबर जाणारे नव्हेत. प्रावरणातल्या खनिजांच्या दाट रचनेत त्यांना जागा मिळत नाही. खडक थोडासा वितळला, की ते आधी त्या रसात उतरतात, आणि रस वर येतो. असे पुन्हा पुन्हा होऊन खंडांचे कवच त्यांनी समृद्ध झाले. पृथ्वीच्या वस्तुमानाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असलेल्या या कवचात तिच्या किरणोत्सारी उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग आहे.

आता केल्व्हिन यांच्या सूत्राकडे परत येऊ. समजा, त्यांनी मोजलेल्या प्रवाहातला निम्मा वाटा कवचातल्या किरणोत्साराचा होता आणि निम्माच खालून येत होता. मग सूत्रात G निम्मा घालायचा. G चा वर्ग भागाकारात असल्याने वय चौपट होते: 10 कोटींचे 40 कोटी. पण हवी आहेत 454 कोटी. खोलवरचा किरणोत्सार धरूनही या गणिताला फार मदत होत नाही. दहा कोटी वर्षांत वहनाने फक्त वरच्या साठ-सत्तर किलोमीटरची उष्णता बाहेर पडते, आणि त्याखाली काय तयार होते आहे याची वरच्या मोजमापाला दादच लागत नाही. म्हणजे रदरफर्ड यांचा नवा झरा खरा होता, पण केल्व्हिन यांची मुख्य चूक ती नव्हती.

मुख्य चूक किरणोत्सार सापडण्याच्या आधीच एकाने दाखवली होती. जॉन पेरी हे केल्व्हिन यांचेच पूर्वीचे सहायक. 1895 साली त्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले, की पृथ्वीचा आतला भाग उष्णता वरच्या भागापेक्षा अधिक सहज वाहू देत असेल, विशेषतः तो थोडाही प्रवाही असून तिथे अभिसरण चालत असेल, तर वय दोन-तीनशे कोटी वर्षांपर्यंत सहज जाऊ शकते. हे वरवर उलटे वाटते. उष्णता लवकर वर येत असेल तर पृथ्वी लवकर निवायला हवी, मग वय कमी निघायला हवे. उलगडा विहिरीच्या उदाहरणाने होतो. विहिरीच्या भोवतीचा खडक घट्ट असेल, तर उपसा सुरू होताच जवळचे पाणी संपते आणि पातळी भराभर खाली जाते. झरे मोकळे असतील, तर सगळ्या शिवाराचे पाणी विहिरीकडे येत राहते आणि पातळी कितीतरी दिवस टिकते. आजची पातळी पाहून उपसा कधी सुरू झाला हे सांगायचे, तर आधी झरे कसे आहेत हे माहीत हवे. केल्व्हिन यांनी घट्ट खडकाची विहीर धरली होती. पृथ्वीचे झरे मोकळे आहेत. खालचा खडक सतत ढवळला जात असल्याने कवचाच्या तळाशी नवा गरम माल पोचत राहतो, आणि वरचा तापमानवाढीचा दर शेकडो कोटी वर्षांनंतरही तीव्र राहतो.

प्रावरणाचा खडक घनच आहे. भूकंपाच्या ज्या लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत त्या त्याच्यातून जातात. तरीही वितळणबिंदूजवळ असलेला घन पदार्थ दीर्घ काळाच्या दाबाखाली वाहतो, आणि प्रावरण वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने वाहते. एवढी गतीही वहनापेक्षा फार मोठी आहे. नुसत्या वहनावर सोडले असते, तर पृथ्वीच्या जन्मापासून आजवर तापमानातला बदल जेमतेम चारशे किलोमीटर आत पोचला असता. वर्षाला चार सेंटिमीटरने वाहणारा खडक एवढे अंतर एक कोटी वर्षांत कापतो. पेरी यांचे म्हणणे त्या काळी बाजूला पडले. अभिसरण खरोखर चालते हे सर्वमान्य व्हायला 1960 च्या दशकातला भूपट्टांचा सिद्धांत यावा लागला. गंमत म्हणजे केल्व्हिन यांचे सूत्र टाकाऊ ठरले नाही. समुद्राच्या मध्यभागी वर येऊन दोन्ही बाजूंना सरकत जाणारा सागरतळ त्याच सूत्राने निवतो, आणि किमान सात-आठ कोटी वर्षांपर्यंत त्याचे खोल जाणे त्या सूत्राशी जुळते. केल्व्हिन यांनी मोजले ते जुन्या भूपट्टाच्या वयाच्या जवळपासचे होते. ते वय त्यांनी पृथ्वीला लावले.

अभिसरण धरले, की खोलीप्रमाणे तापमान कसे वाढते हेही सुटते. दर किलोमीटरला 25 ते 30 अंश ही वाढ केंद्रापर्यंत, म्हणजे 6,371 किलोमीटरपर्यंत, सरळ नेली, तर दीड-दोन लाख अंश येतात. सूर्याच्या पृष्ठभागाच्या तीसपट! तसे असते तर पृथ्वी घन राहिलीच नसती. प्रत्यक्षात ही तीव्र चढण फक्त वरच्या घट्ट झाकणात आहे. तिथे वहनाशिवाय दुसरा मार्ग नाही. खंडांखाली साधारण शंभर ते दोनशे किलोमीटरवर तापमान 1,300 अंशांच्या आसपास पोचते. त्याखाली खडक वाहू लागतो, उष्णता स्वतःबरोबर घेऊन जातो, आणि चढण एकदम सौम्य होते. मग किलोमीटरला अर्धा अंश किंवा त्याहून कमी वाढ उरते, आणि तीसुद्धा बहुतांशी दाबाने खडक आवळला गेल्यामुळे होते.

इतक्या खाली कोणी गेलेले नाही. माणसाने घेतलेले सर्वांत खोल छिद्र रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, 12,262 मीटरचे. तळाशी शंभर अंश अपेक्षित असताना सुमारे 180 अंश लागले, आणि तापलेला खडक मऊ पडून छिद्र बुजवू लागल्याने काम थांबवावे लागले. त्याखालचे तापमान आपण पदार्थ बदलण्याच्या जागांवरून ओळखतो. सुमारे 410 किलोमीटरवर भूकंपलहरींचा वेग एकदम वाढतो, कारण तिथे ऑलिव्हिन या खनिजाची रचना बदलते. ही रचना कोणत्या दाबाला कोणत्या तापमानात बदलते हे प्रयोगशाळेत कळते. त्यावरून त्या खोलीवर 1,400 ते 1,500 अंश असणार असे ठरते. 2,890 किलोमीटरवर प्रावरण संपून द्रव लोखंडाचा गाभा सुरू होतो. तिथे अभिसरणाला पुन्हा भिंत लागते, आणि काहीशे किलोमीटरच्या पट्ट्यातच तापमान हजार अंशांहून अधिक चढते. 5,150 किलोमीटरवर द्रव लोखंड घन होते. त्या दाबाला लोखंड वितळते ते तापमान म्हणजेच तिथले तापमान. हिऱ्यांच्या दोन टोकांत लोखंड दाबून आणि लेसरने तापवून केलेल्या प्रयोगांवरून ते 5,000 ते 6,000 अंशांमध्ये येते. शेकडो अंशांची अनिश्चितता त्यात आजही आहे.

उरला प्रश्न साठ्याचा. पृथ्वी लहानमोठ्या खगोलांच्या टकरींतून घडली, आणि प्रत्येक टक्कर म्हणजे पडण्याच्या ऊर्जेची उष्णता होणे. पृथ्वीएवढा गोळा विखुरलेल्या द्रव्यातून गोळा होताना सुटणारी सगळी ऊर्जा आतच राहिली असती, तर तो 35 हजार अंशांहून अधिक तापला असता. बरीचशी ऊर्जा तेव्हाच अवकाशात गेली, पण मोठ्या टकरींची उष्णता खोल गाडली गेली. नंतर लोखंड वितळून केंद्राकडे बुडाले, त्या घसरणीनेही काही हजार अंशांच्या घरातली उष्णता दिली. हा जन्मजात साठा अजून संपलेला नाही, आणि गाभ्यात तर तो मुख्य साठा आहे.

आज पृथ्वीच्या पृष्ठभागातून एकूण सुमारे 47 टेरावॉट उष्णता बाहेर पडते. यातली किती नवी आणि किती जुनी, हे खडकांच्या नमुन्यांवरून नेमके सांगता येत नाही, कारण प्रावरणाचे नमुने फार थोडे मिळतात. पण युरेनियम आणि थोरियमच्या क्षयातून प्रतिन्यूट्रिनो सुटतात, ते सगळी पृथ्वी आरपार करून वर येतात. जपानमधल्या कामिओका खाणीतल्या कॅमलँड या उपकरणाने, एक हजार टन द्रवात, 2005 साली ते पहिल्यांदा ओळखले. अडथळा अणुभट्ट्यांचा होता. त्यांच्यातूनही तसेच कण सुटतात. 2011 नंतर जपानच्या भट्ट्या बंद पडल्या आणि नोंदी अधिक स्वच्छ झाल्या. इटलीतल्या बोरेक्सिनो या उपकरणानेही असेच कण मोजले. दोन्हींवरून 2011 साली निघालेला अंदाज असा, की युरेनियम आणि थोरियम मिळून सुमारे 20 टेरावॉट देतात, आणि चूक आठ-नऊ टेरावॉटची असू शकते. पोटॅशियमचे कण मात्र या उपकरणांना दिसतच नाहीत, कारण त्यांची ऊर्जा कमी पडते. त्याचा अंदाजे चार टेरावॉटचा वाटा रसायनशास्त्राच्या आधारे धरावा लागतो.

म्हणजे ढोबळ मानाने निम्मी उष्णता आज तयार होते, आणि निम्मी जन्मजात साठ्यातून खर्च होते. त्या खर्चाने पृथ्वी दर शंभर कोटी वर्षांना शंभर-दीडशे अंशांनी निवते आहे. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी किरणोत्सारी उष्णता आजच्या चार-पाचपट होती, त्यामुळे मागे जाताना दोन्ही आकडे बदलत जातात. त्या बदलाचा नीट हिशेब आजही लागत नाही. आजच्या गतीने मागे मोजत गेले, तर काही मांडण्यांत फार पूर्वीचे प्रावरण सगळेच वितळलेले निघते, आणि तेव्हाचे खडक तसे सांगत नाहीत.

पुस्तकाची रचना याच क्रमाने आहे. पहिल्या भागात छिद्रे, खाणी आणि झरे यांतली मोजमापे आहेत. त्यांतल्या फसगतींना मुद्दाम जास्त पाने दिली आहेत. दुसऱ्या भागात किरणोत्सारी अणू आणि त्यांची वाटणी, तिसऱ्यात जन्मजात साठा आणि गाभा, चौथ्यात अभिसरण. गणित मोजके आहे, आणि जिथे आहे तिथे आकडे घालून सोडवून दाखवले आहे. ज्वालामुखी आणि भूऔष्णिक वीज हे विषय ओझरतेच येतात. ते या उष्णतेचे परिणाम आहेत, आणि त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. वाचकाला घाई असेल, तर त्याने दुसरा भाग सोडून चौथा आधी वाचला तरी चालेल. आत किती उष्णता आहे याच्याइतकेच ती बाहेर कशी पडते हे विचारायची सवय लागली, की मागची प्रकरणे आपोआप जागेवर बसतील.